संकासुराचा काळा झगा आणि व्हिडिओतला काळोख

आमच्या गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक मी रात्री जागून चित्रित केलं. अडीच तासांचं, १०८० ओळींचं, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती, ५० मेगाबिट. हिशेब केला तर एकूण फाइल ५६ जीबीची. एवढं सांभाळणं अवघड, म्हणून व्हिडिओ कॉम्प्रेस करून लहान करायचा आणि मूळ पुसून टाकायचं असं ठरवलं. पण मूळ एकदा पुसलं की परत येत नाही, त्यामुळे पुसण्याआधी एकाच प्रश्नाचं खात्रीचं उत्तर हवं होतं: लहान करताना नेमकं काय गेलं, आणि ते डोळ्यांना जाणवतं का?

पहिला प्रयत्न सगळेच करतात तसा केला. दोन प्लेअर उघडले, दोन खिडक्या शेजारी लावल्या आणि दोन्ही चालू केले. फरक काहीच दिसला नाही, आणि तसं होणं अटळ होतं. खिडकी अर्धी केली की प्लेअर शेजारशेजारच्या पिक्सेलची सरासरी काढून चित्र छोटं करतो, आणि कॉम्प्रेशनने केलेलं नुकसान त्या सरासरीत विरघळून जातं. शिवाय दोन्ही व्हिडिओ एकाच क्षणी एकाच फ्रेमवर कधीच नसतात. म्हणून तुलनेसाठी वेगळा व्हिडिओच बनवावा लागतो. त्यात दोन्ही बाजूंना चित्राचा तोच भाग, तीच फ्रेम, मूळ आकारात असायला हवी.

मी संकासुर या राक्षसाच्या प्रवेशातले वीस सेकंद निवडले. संकासुराचा पोशाख काळा, मागे मध्यरात्रीचं अंगण, आणि उजेड रंगमंचापुरता. चांगल्या उजेडातले तुकडे अशा तपासणीला निरुपयोगी असतात, कारण त्यात जवळजवळ कुठलंही कॉम्प्रेशन छान दिसतं. नुकसान काळोखात, धुरात, पावसात आणि संध्याकाळच्या आभाळात लपतं, तेव्हा तपासणीचा तुकडा तिथूनच उचलावा.

`ffmpeg` या मोफत साधनाने तो तुकडा असा कापला:

```
ffmpeg -ss 00:42:10 -i mool.mp4 -t 20 -an -c:v ffv1 tukda.mkv
```

`ffv1` हे काहीही न गमावणारं कोडेक आहे. फाइल मोठी होते, पण प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा राहतो. इथे `-c copy` वापरून झटपट कापायचा मोह होतो. तसं केलं तर काप मागच्या की-फ्रेमला, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमला, सरकतो आणि दोन तुकड्यांची सुरुवात जुळत नाही. मग हा तुकडा लहान केला:

```
ffmpeg -i tukda.mkv -c:v libx264 -preset slow -crf 28 -pix_fmt yuv420p lahan28.mp4
```

सीआरएफ हा गुणवत्तेचा आकडा. तो जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि नुकसान जास्त. या पद्धतीत छोट्या तुकड्यावरचा निकाल पूर्ण नाटकालाही साधारण लागू होतो. ठरावीक बिटरेट देऊन लहान करत असाल तर मात्र होत नाही, कारण एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ लहान करणारा प्रोग्रॅम, तो बिटरेट पूर्ण लांबीवर वाटून देतो आणि अवघड प्रसंगाला किती वाटा मिळेल हे आजूबाजूच्या प्रसंगांवर ठरतं. अशा वेळी आधी सगळा व्हिडिओ लहान करावा आणि तुकडा त्यातून कापावा.

आता जोडी:

```
ffmpeg -i tukda.mkv -i lahan28.mp4 -filter_complex \
"[0:v]crop=960:1080:480:0[a];[1:v]crop=960:1080:480:0[b];[a][b]hstack" \
-c:v libx264 -qp 0 jodi.mkv
```

दोन्ही व्हिडिओंमधून मधली ९६० पिक्सेल रुंदीची पट्टी कापली आणि दोन्ही पट्ट्या शेजारी चिकटवल्या. एकूण रुंदी पुन्हा १९२०. म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर पडदाभर व्हिडिओ लावला की पिक्सेलला पिक्सेल बसतो आणि मध्ये कुणी सरासरी काढत नाही. सर्वांत जास्त लोक चुकतात ते शेवटच्या ओळीत. तुलनेचा व्हिडिओही एक व्हिडिओच आहे, आणि तो नेहमीच्या सेटिंगवर बनवला तर मूळ बाजूसुद्धा कॉम्प्रेस होते. मग दोन्हीकडे सारखेच डाग दिसतात आणि आपण म्हणतो, फरक नाही. `-qp 0` मुळे काहीच गमावलं जात नाही. अशी फाइल फोनवर बहुधा चालत नाही, संगणकावर `mpv` किंवा `VLC` मध्ये चालते. हीच जोडी कुठे अपलोड करून मित्राला दाखवली तर ती वाटेत पुन्हा दाबली जाते आणि तुलना वाया जाते. फाइलच पेन ड्राइव्हवर द्यावी.

बघण्याआधी फ्रेमला फ्रेम खरोखर जुळते आहे ना, हे तपासलं. त्यासाठी दोन्ही चित्रांची वजाबाकी करता येते. चित्रं सारखी असतील तिथे काळं, फरक असेल तिथे उजळ.

```
ffmpeg -i tukda.mkv -i lahan28.mp4 -filter_complex \
"[0:v]format=gbrp[a];[1:v]format=gbrp[b];[a][b]blend=all_mode=difference" \
-c:v ffv1 farak.mkv
```

`format=gbrp` विसरलो तेव्हा सगळं चित्र हिरवं आलं. व्हिडिओत रंग वेगळ्या पद्धतीने साठवलेला असतो आणि तिथे शून्य म्हणजे काळा नव्हे, हिरवा. तो भाग जोडल्यावर वजाबाकी नीट दिसली. एक फ्रेम जरी पुढेमागे असती तर हलणाऱ्या हातांच्या दोन-दोन कडा उजळून दिसल्या असत्या. तशा नव्हत्या, फक्त बारीक चुरा होता.

या वजाबाकीवरून नुकसान किती झालं ते ठरवावंसं वाटतं, पण तसं करू नये. माझ्या फरकाच्या चित्रात सर्वांत उजळ चमकत होते ते राजाच्या मुकुटातले मणी आणि झालरी. जोडीच्या व्हिडिओत त्याच जागी मला काहीही बिघडलेलं दिसलं नाही, कारण गजबजलेल्या नक्षीत थोडा बदल डोळा पकडत नाही. मागच्या अंधारात वजाबाकी जवळजवळ काळी होती, फरक उजेडाच्या एक-दोन पायऱ्यांचा. आणि डोळ्याला खुपत होता तो नेमका अंधारच. सपाट, गडद भागात एका पायरीचा बदलही कडेसारखा उठून दिसतो. यंत्राने मोजलेला फरक आणि माणसाला दिसणारा फरक वेगळे असतात, म्हणूनच ही शेजारी-शेजारी बघण्याची खटपट करावी लागते.

डावीकडे मूळ होतं. अंधारात कॅमेऱ्याचा बारीक दाणा सळसळत होता, झग्याच्या चुण्या कळत होत्या. उजवीकडे झगा एक सपाट काळा डाग झाला होता आणि मागच्या अंगणात चौकोनी ठिगळं उमटली होती. त्याहून वाईट गोष्ट व्हिडिओ चालू असतानाच दिसली. अंगण काही सेकंद गोठल्यासारखं स्थिर राहायचं आणि मग एकदम हलायचं, जणू कुणी मागचा पडदा झटकला. कारण असं: एन्कोडर अधूनमधून एक पूर्ण फ्रेम साठवतो, तिला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये तो फक्त बदल लिहितो, आणि अंधारातला बारीक दाणा त्याला लिहिण्याजोगा वाटत नाही. ‘मागच्यासारखंच’ एवढीच नोंद करून तो पुढे जातो, त्यामुळे दाणा गोठतो. पुढची की-फ्रेम आली की नवा दाणा येतो आणि तोही गोठतो. `libx264` नेहमीच्या सेटिंगवर की-फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमचं अंतर ठेवतो. माझ्या व्हिडिओत ते बरोबर दहा सेकंद. कुठलीही फ्रेम थांबवून पाहिली असती तर हा झटका सापडलाच नसता. म्हणून स्थिर चित्रांवर माझा विश्वास नाही, तुलना चालत्या व्हिडिओतच करावी.

बघायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. खोलीत ऊन असेल तर अंधारातली ठिगळं दिसतच नाहीत, म्हणून पडदे ओढले. पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसलो. माझ्या २४ इंची पडद्याची उंची तीस सेंटीमीटर, म्हणजे नव्वद सेंटीमीटर. नाक लावून बघितलं तर मूळ व्हिडिओतही खोट सापडते. पट्टे किंवा पायऱ्या दोन्ही बाजूंना दिसत असतील तर दोष कॉम्प्रेशनचा नाही, तो पडद्याचा किंवा कॅमेऱ्याचा.

आणि डावीकडे मूळ आहे हे माहीत असलं की मन उजवीकडे दोष शोधतंच. त्यामुळे खरा निवाडा मी मामेभावाकडे सोपवला. `[a][b]` च्या जागी `[b][a]` लिहिलं की बाजू बदलतात. सीआरएफ २८ आणि २० च्या जोड्या, प्रत्येकीत एकदा मूळ डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पाचवी जोडी अशी की दोन्हीकडे मूळच. सीआरएफ २० ला मी `-aq-mode 3` जोडलं होतं, त्याने एन्कोडर गडद भागांना जास्त वाटा देतो. फाइलींना फक्त एक ते पाच नावं. दूरचित्रवाणीच्या चाचण्यांसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने बीटी.५०० या शिफारशीत पाच पायऱ्यांचं मोजमाप दिलं आहे. ५ म्हणजे फरक जाणवत नाही, ४ म्हणजे जाणवतो पण खुपत नाही, ३ म्हणजे किंचित खुपतो, २ म्हणजे खुपतो, १ म्हणजे फार खुपतो. तेच त्याला कागदावर लिहून दिलं आणि मी खोलीबाहेर थांबलो.

पाचव्या जोडीला त्याने ५ दिले, म्हणजे तो नसलेले फरक शोधत नव्हता. २८ च्या दोन्ही जोड्यांना २, आणि मूळ कोणत्या बाजूला ते दोन्ही वेळा बरोबर ओळखलं. २० च्या जोड्यांना एकदा ५, एकदा ४. ४ का, असं विचारलं तर म्हणाला, “झग्यावरची सळसळ थोडी कमी वाटली.” एका माणसाच्या एका संध्याकाळवरून नियम काढता येत नाही, पण फाइल पुसायची की नाही एवढं ठरवायला मला ते पुरेसं होतं.

वीस सेकंदांचा मूळ तुकडा कॅमेऱ्यात १२५ एमबीचा होता. सीआरएफ २८ ने तो ४ एमबीचा झाला, २० ने २६ एमबीचा. सीआरएफ सहाने वाढला की आकार साधारण निम्मा होतो असं म्हणतात. इथे घट कितीतरी जास्त झाली, कारण २८ वर तो अंधारातला दाणाच पुसला गेला, आणि सर्वांत जास्त जागा तोच खात होता. पूर्ण नाटक सीआरएफ २० ने सुमारे १२ जीबीत बसलं. संकासुराच्या प्रवेशाची बारा मिनिटं, साडेचार जीबी, मात्र मूळ स्वरूपातच ठेवली आहेत.