निकालाचा गोषवारा (केस ब्रीफ)

विधी अभ्यासक्रमात नेमलेला लांबलचक न्यायनिर्णय तथ्ये, मुद्दा, निर्णय आणि कारणमीमांसा या चार भागांत साधारण एका पानात उतरवणे, याला निकालाचा गोषवारा म्हणतात. विद्यार्थी त्याला ‘केस ब्रीफ’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील विधी महाविद्यालयांत बरेच विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात, तर सर्वोच्च न्यायालयाचे मूळ निकाल इंग्रजीत असतात. म्हणून गोषवारा करताना आधी निकालात कोण बोलत आहे, हे ओळखावे लागते.

मराठवाड्यातल्या वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ (एआयआर १९८३ एससी ४६). मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबादला चालवण्याचा आदेश कायदेशीर आहे का, हा त्यातला वाद. न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी लिहिलेल्या या निकालात मराठवाड्याची आणि खंडपीठाच्या मागणीची बरीच पार्श्वभूमी येते. ती वाचायला रंजक आहे, पण गोषवाऱ्यात तिला दोन-तीन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नये. एखादे तथ्य ठेवावे की नाही, याची एक साधी कसोटी आहे. ते काढून टाकले तर निर्णय बदलला असता का? बदलला नसता, तर ती पार्श्वभूमी.

या कसोटीवर उरणारी तथ्ये थोडीच आहेत. औरंगाबादला कायम खंडपीठ व्हावे, असा राज्य शासनाचा प्रस्ताव होता, पण राष्ट्रपतींचा आदेश निघाला नव्हता. दरम्यान मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपालांच्या मान्यतेने औरंगाबाद हे कामकाजाचे ठिकाण नेमले आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून तिथे न्यायालय बसू लागले. हा आदेश राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) खाली होता. त्याला आव्हान दिले गेले, उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि राज्य शासन अपिलात गेले.

मुद्दा लिहिताना हमखास घसरण होते. ‘औरंगाबादला खंडपीठ असावे का?’ असे लिहिले की ते सभेतल्या ठरावासारखे वाटते. कायद्याचा मुद्दा एखाद्या तरतुदीला चिकटलेला असतो. कलम ५१(२) प्रमाणे कायम खंडपीठ राष्ट्रपती स्थापन करतात, तर ५१(३) प्रमाणे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने न्यायाधीशांनी बसायचे अन्य ठिकाण नेमू शकतात. म्हणून मुद्दा असा होतो: राज्य पुनर्रचनेला इतकी वर्षे लोटल्यावरही ५१(३) चा अधिकार शिल्लक आहे का, आणि त्याखाली औरंगाबाद नेमता येते का?

निर्णय त्याच प्रश्नाचे उत्तर असतो: होय, अधिकार चालू आहे, आदेश वैध, अपील मंजूर. नुसते ‘अपील मंजूर’ एवढेच लिहिले तर निकालाचा शेवट कळतो, कायदा कळत नाही.

कारणमीमांसेचा गाभा असा: ५१(३) ही तात्पुरती तरतूद नाही. १९५६ च्या संक्रमणापुरती वापरून ती संपली असे होत नाही. गरज पडेल तेव्हा वापरता येणारा तो अधिकार आहे. शिवाय पोटकलम (३) ची सुरुवातच ‘(१) किंवा (२) मध्ये काहीही असले तरी’ अशी आहे. त्यामुळे राष्ट्रपतींचा आदेश निघाला नाही म्हणून मुख्य न्यायमूर्तींचे हात बांधले जात नाहीत.

सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर होते. अपिलातल्या निकालात आधी खालच्या न्यायालयाचे म्हणणे सविस्तर मांडलेले असते आणि तिथेही ‘हेल्ड’ हाच शब्द येतो. घाईत वाचणारा तो परिच्छेद उतरवतो आणि नेमके उलथवलेले मत सर्वोच्च न्यायालयाच्या नावावर जाते. वकिलांच्या युक्तिवादाचेही तेच. ‘कन्टेन्डेड’, ‘अर्ज्ड’, ‘सबमिटेड’ ही वकिलांची क्रियापदे. ‘इन आवर ओपिनियन’पासून पुढे न्यायालयाचा आवाज. समासात प्रत्येक परिच्छेदापुढे ‘उ. न्या.’, ‘वकील’, ‘स. न्या.’ अशी खूण केली की पहिल्याच वाचनात निम्मे काम होते. मग कारणमीमांसेतल्या प्रत्येक वाक्यापुढे मूळ परिच्छेदाचा क्रमांक लिहावा. क्रमांक सापडत नसेल तर ते वाक्य बहुधा गाइडमधून आलेले असते. अहवालाच्या माथ्यावरच्या हेडनोटवरून ब्रीफ करणेही धोक्याचे, कारण हेडनोट संपादकाची असते, निकालाचा भाग नसते.

१९८४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने औरंगाबादचे खंडपीठ कायम झाले. ही घटना गोषवाऱ्याच्या चारही भागांत कुठेच बसत नाही. निकालानंतरची असल्याने ती पानाच्या तळाशी टीप म्हणून येते.