आयोडीन मूल्य आणि दुहेरी बंधांचा हिशेब

“शेंगदाणा तेलाचं आयोडीन मूल्य ९० आलं, म्हणजे प्रत्येक रेणूत तीन दुहेरी बंध, बरोबर ना?”

नाही, तीन ही सरासरी आहे. पाव ग्रॅम तेलात विज द्रावण, म्हणजे दुहेरी बंधांना जोडलं जाणारं आयोडीन मोनोक्लोराइडचं द्रावण, घालून बाटली अर्धा तास अंधारात ठेवली. मग पोटॅशियम आयोडाइड टाकून उरलेलं आयोडीन ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने मोजलं. तेलाविना ४८.० मिलि लागलं, तेलासह ३०.३. फरक १७.७.

१२.६९ × ०.१ × १७.७ ÷ ०.२५ = ८९.८

म्हणजे १०० ग्रॅम तेलाने सुमारे ९० ग्रॅम आयोडीन शोषलं. एका दुहेरी बंधाला आयोडीनचा एक रेणू, २५३.८ ग्रॅम. तेलाचा रेणुभार ८८० धरला तर ९० × ८८० ÷ २५३८० = ३.१ बंध.

आता गंमत बघा. शुद्ध ट्रायओलीनच्या प्रत्येक रेणूत तीनच बंध असतात आणि त्याचं मूल्य ८६. सहा बंधांचं ट्रायलिनोलीन आणि एकही बंध नसलेलं ट्रायस्टिअरिन निम्मं-निम्मं मिसळा, तरी जवळपास ८६च येईल. बंध कोणत्या मेदाम्लात किती, हे टायट्रेशनला दिसत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते.

आणि तेलासहचं वाचन २४ मिलिच्या खाली गेलं, तर आकडा लिहू नका. अभिकर्मक पुरेसा उरलेला नाही. कमी तेल घेऊन पुन्हा करा.