दिवा मालवला आणि पीजीए साचला: डार्क रिअॅक्शनच्या हिशोबामागची गोष्ट

प्रकाशसंश्लेषणाच्या ‘डार्क रिअॅक्शन’मध्ये साखर बनताना एका कार्बन डायऑक्साइडमागे तीन एटीपी आणि दोन एनएडीपीएच, हे उजेडात तयार होणारे ऊर्जावाहक रेणू, खर्च होतात. हा आकडा बारावीत पाठ होतो, पण तो कुठून आला हे बहुतेकदा सांगायचे राहून जाते. मला त्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो एका साध्या प्रयोगाचा: चालू दिवा अचानक बंद करण्याचा.

1940 साली अमेरिकेतल्या बर्कलीत सॅम रुबेन आणि मार्टिन कामेन यांनी कार्बन-14 शोधला, म्हणजे खुणेसारखा वापरून कार्बनचा माग काढता येईल असा किरणोत्सारी कार्बन. त्याआधी ते कार्बन-11 वापरत, पण तो दर वीस मिनिटांनी निम्मा होई, त्यामुळे प्रयोग उरकेपर्यंत खूण पुसट होऊन जाई. कार्बन-14 हजारो वर्षे टिकतो. रुबेन 1943 मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात गेले. युद्ध संपल्यावर तिथेच मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी कार्बन डायऑक्साइडची साखर कशी होते याचा माग काढण्याचे काम हाती घेतले.

त्यांनी चपट्या काचपात्रात हिरवे शेवाळ वाढवले, त्यात किरणोत्सारी बायकार्बोनेट सोडले आणि काही सेकंदांतच सगळे शेवाळ गरम अल्कोहोलमध्ये ओतले. पेशी तिथल्या तिथे थांबल्या. मग अर्क कागदावर दोन दिशांनी पसरवून त्यावर एक्स-रे फिल्म ठेवली. जिथे कार्बन-14 असेल तिथे काळा डाग. अगदी थोडा वेळ दिला, तर बहुतेक खूण एकाच पदार्थात सापडे: तीन कार्बनचे फॉस्फोग्लिसरिक आम्ल, म्हणजे पीजीए.

इथे सगळे काही काळ चकले. तीन कार्बनमधला एक नवा, म्हणजे त्याला धरणारा रेणू दोन कार्बनचा असणार, असा सरळ तर्क होता. तो रेणू मिळेना. उत्तर दिले ते दिव्याने. प्रयोग सुरळीत चालू असताना उजेड बंद केला, तर पीजीए भराभर वाढला आणि पाच कार्बनचा आरयूबीपी घसरला. उलट, उजेड ठेवून कार्बन डायऑक्साइड 1 टक्क्यावरून 0.003 टक्क्यावर आणला, तेव्हा आरयूबीपी साचला आणि पीजीए उतरला. म्हणजे धरणारा रेणू पाच कार्बनचा होता. त्यात एक मिळून सहा झाले, आणि सहाचे लगेच तीन-तीनचे दोन पीजीए.

आता हे जमाखर्चाने पाहू. पीजीएपासून साखर बनते आणि आरयूबीपीही पुन्हा तयार होतो, म्हणून हे एक चक्र आहे; साखरेचा एक तीन कार्बनी रेणू बाहेर पडायला त्याचे तीन फेरे लागतात. तीन आरयूबीपी तीन कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सहा पीजीए होतात. या पायरीवर रुबिस्को हे विकर काम करते, आणि इथे ना एटीपी खर्च होतो ना एनएडीपीएच. सहा पीजीएचे सहा ट्रायोज फॉस्फेट, म्हणजे तीन कार्बनी साखरेचे रेणू, करायला सहा एटीपी आणि सहा एनएडीपीएच लागतात. त्यातला एक बाहेर जातो. उरलेल्या पाचांचे पंधरा कार्बन फिरवून तीन पाच-कार्बनी रेणू बनतात आणि त्यांना पुन्हा आरयूबीपी करायला आणखी तीन एटीपी जातात. एकूण नऊ एटीपी, सहा एनएडीपीएच. तीनाने भागा, की पाठ केलेला आकडा मिळतो. (एका फेऱ्यात ग्लुकोज तयार होते असे लिहून गुण गमावू नका, त्याला सहा फेरे लागतात: अठरा एटीपी, बारा एनएडीपीएच.)

दिवा मालवल्यावरचे कोडे इथेच सुटते. एटीपी आणि एनएडीपीएच आटले, की पीजीएची पुढची वाट बंद होते आणि नवा आरयूबीपीही बनत नाही. पण रुबिस्कोला दोन्ही नको असल्याने, उरलेला आरयूबीपी संपत येईपर्यंत ते पीजीए करत राहते. तेही काही क्षणच, कारण रुबिस्कोसह चक्रातली अनेक विकरे उजेडातच नीट जागी असतात. म्हणून ‘डार्क रिअॅक्शन’ हे नाव दिशाभूल करते. ही क्रिया रात्रीची नाही, तिला प्रकाश थेट लागत नाही एवढेच.

रुबिस्कोची ओळख मात्र वेगळ्याच वाटेने झाली. 1947 मध्ये सॅम वाइल्डमन आणि जेम्स बॉनर यांना पालकाच्या पानांत एक प्रचंड प्रथिन सापडले. त्यांनी त्याला ‘फ्रॅक्शन वन’ म्हटले. ते काय करते हे तेव्हा ठाऊक नव्हते, कार्बन पकडणारे विकर तेच हे नंतर कळले. पानात ते इतके भरपूर असते याचे कारण त्याचा संथपणा: विकरावरची कार्बन पकडणारी एक जागा सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू पकडते.

1971 मध्ये बोव्स, ऑग्रेन आणि हेगमन यांनी दाखवले की हेच विकर ऑक्सिजनही पकडते. 25 अंशांच्या आसपास, साध्या हवेत, गहू किंवा भातासारख्या पिकात दर चार वेळांपैकी साधारण एकदा असे घडते. तेव्हा दोन पीजीएऐवजी एकच पीजीए आणि दोन कार्बनचा एक तुकडा मिळतो. असे दोन तुकडे एकत्र आणून एक पीजीए वसूल करताना एक कार्बन डायऑक्साइड हातचा जातो आणि जादा एटीपीही. त्यामुळे तीनास दोन हा हिशोब ऑक्सिजन आड येत नाही तोवरचा. भर उन्हात उभ्या भाताच्या पानाला प्रत्येक कार्बनसाठी त्याहून जास्त मोजावे लागते, आणि तापमान वाढेल तसा तो खर्च चढत जातो.