वीस वर्षं जुनी खिडकी आणि शेजारचा टॉवर

“आमचा गंगापूर रोडचा बंगला पंचवीस वर्षांचा आहे. वीस वर्षं झाली की प्रकाश-हवेचा हक्क आपोआप मिळतो, मग शेजारची सात मजली इमारत थांबवता येईल ना?”

सहसा नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातलं कलम 15 हक्क देतं, पण तो ठरावीक खिडकीचा. त्या खिडकीतून वीस वर्षं अखंड, शांततेत आणि सुविधाधिकार म्हणून जेवढा उजेड-वारा येत आला, तेवढ्यापुरताच. अंगणातलं ऊन, गच्चीवरून दिसणारी गोदावरी यात येत नाही. दोन्ही प्लॉट आधी एकाच मालकाचे असतील, तर वर्षं मालकी वेगळी झाल्यापासून मोजा. वाटणी बारा वर्षांपूर्वीची असेल तर दावा तिथेच अडतो.

उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर भागत नाही. कलम 33 प्रमाणे भरीव नुकसान दाखवावं लागतं. समजा, स्वयंपाकघराची एकुलती खिडकी झाकली आणि भर दुपारी दिवा लावल्याशिवाय भाजी चिरता येत नाही, तर मुद्दा आहे. त्याच खोलीला दुसरीकडून भरपूर उजेड येत असेल, तर तो कमकुवत होतो.

जुना मंजूर नकाशा, भोगवटा दाखला आणि बांधकामाआधीचे तारीखवार फोटो जमवा. दिवाणी न्यायालयात दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, कोर्ट कमिशनरकडून पाहणी मागा. उशीर मात्र घातक: अडथळा कळूनही वर्षभर सोसला, तर वीस वर्षांची साखळीच तुटते. महापालिकेची परवानगी तुमचा हक्क संपवत नाही. बाजूचं अंतर कमी सोडलं असेल, तर ती तक्रार वेगळी, महापालिकेकडेच.