कॅल्शियम ग्लुकोनेट संपलंय, क्लोराईड आहे… पण एकाच्या जागी एक नाही

आमच्याकडे, जळगावकडच्या एका हॉस्पिटलात, मी वॉर्ड फार्मासिस्ट आहे, आणि मे महिन्यात कॅल्शियम ग्लुकोनेटचा पुरवठा अचानक बंद झाला, स्टॉक मोजला तर फक्त अठरा अँप्युल. कॅल्शियम क्लोराईड मात्र भरपूर होतं. डॉक्टरांना मेसेज टाकायचा होता की क्लोराईड वापरा, पण नुसतं एवढंच लिहिलं असतं तर घोळ झाला असता, का ते सांगतो.

दोन्ही अँप्युल १० एमएलचे, दोन्ही १० टक्के, म्हणजे दोन्हीत क्षार १ ग्रॅमच. पण आपल्याला हवं असतं आतलं खरं कॅल्शियम, आणि ते ग्लुकोनेटच्या अँप्युलमध्ये साधारण ९३ मिलिग्रॅम तर क्लोराईडच्या अँप्युलमध्ये साधारण २७२. जवळपास तिप्पट! ग्लुकोनेटचा रेणू मोठा आणि जड, म्हणून त्याच वजनात कॅल्शियमचा वाटा कमी येतो. त्यामुळे "कॅल्शियम १ ग्रॅम द्या" ही ऑर्डर, जी आपण रोज ऐकतो, ती दोन औषधांत दोन वेगळे डोस होते. ग्लुकोनेटचे १० एमएल म्हणजे क्लोराईडचे साधारण ३.४ एमएल, हे एक पक्कं ध्यानात ठेवा. (ग्लुकोनेट आधी लिव्हरमध्ये फुटावं लागतं म्हणून उशिरा काम करतं असं जुने लोक सांगतात, ते खरं नाही, दोन्हींचा वेग सारखाच.)

दुसरा फरक शिरेचा. क्लोराईड शिरेबाहेर गेलं तर कातडी काळी पडून झडते, बारीक शिरेत तर धोका जास्तच. ग्लुकोनेटनेही इजा होते, पण कमी. म्हणून क्लोराईड शक्यतो सेंट्रल लाईननेच, नाहीतर कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून, पातळ करून, हळू, आणि सिस्टर तिथे उभी राहून. मांसात किंवा कातडीखाली तर कधीच नाही.

मग मेसेज असा टाकला:

"सर, मॅडम, ग्लुकोनेटचा साठा १८ अँप्युल. ते एनआयसीयू, लहान मुलं आणि लेबर रूमच्या मॅगसल्फ ट्रेसाठी राखून ठेवतोय. मोठ्या पेशंटला हायपरकॅलेमियात क्लोराईड वापरता येईल. ग्लुकोनेट १० एमएलच्या जागी क्लोराईड ३.४ एमएल, एनएस ५० एमएलमध्ये, १० मिनिटांत, मॉनिटर लावून. डिजॉक्सिन चालू असेल तर आधी मला फोन करा. बायकार्ब त्याच लाईनमध्ये नको, चुना बसतो. ऑर्डरमध्ये नुसतं कॅल्शियम लिहू नका, पूर्ण नाव आणि एमएल लिहा. मान्य आहे का ते कळवा."

शेवटची ओळ मुद्दाम टाकली, कारण औषध बदलायचा निर्णय डॉक्टरांचाच, मी फक्त सुचवतो.

तिसऱ्या दिवशी रावेरकडचे एक काका आले, डायलिसिसची एक पाळी चुकलेली, वर घरची केळी, आपल्याकडे केळीला नाही कोण म्हणणार. पोटॅशियम ७.४, म्हणजे हायपरकॅलेमियाच, ईसीजीत टी उंच आणि क्यूआरएस रुंद. बाहेर त्यांची बायको एकच विचारत होती, "काय व्हयनं हो भाऊ?" डॉक्टरांनी मेसेजप्रमाणे क्लोराईड ३.४ एमएल लिहिलं, कोपराच्या शिरेतून गेलं. संपल्यावर पाच मिनिटांनी ईसीजी काढला तर क्यूआरएस तसाच, तेव्हा तेवढाच डोस परत दिला, मग तो अरुंद व्हायला लागला. कॅल्शियम पोटॅशियम उतरवत नाही, फक्त हृदयाला अर्धा तास, फार तर तासभर सांभाळतं, म्हणून इन्शुलिन आणि डेक्स्ट्रोज तेवढ्यात चालू केलं आणि डायलिसिसला नेलं.

त्या रात्री मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. ट्रॉलीत क्लोराईडच्या शेजारी पोटॅशियम क्लोराईडचे अँप्युल होते, तेही १० एमएलचेच, आणि घाईत लेबलवर "क्लोराईड" एवढंच वाचलं तर? पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला पोटॅशियमच गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटॅशियमचे सगळे अँप्युल ट्रॉलीतून काढून कुलुपात ठेवले आणि भरण्याआधी दोघांनी नाव मोठ्याने वाचायचं ठरलं.

पुढे ग्लुकोनेट आलं तेव्हा लगेच आणखी एक मेसेज टाकला की पहिला मेसेज रद्द, क्लोराईड वॉर्डातून परत घेतोय, कारण ३.४ हा आकडा डोक्यात बसलेला असतो आणि ग्लुकोनेटचे ३.४ एमएल दिले तर पेशंटला तिसराच हिस्सा मिळतो.