रिद्धपूरचे शेंगुळे: लीळाचरित्रातला पुरावा कसा वाचावा

अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामींवर प्रकरण लिहायला बसलेल्या माणसाला या गावापाशी थांबावेच लागते. लीळाचरित्र सांगते की भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, म्हणजे पुढचे चक्रधरस्वामी, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडला आणि रिद्धपुरात त्याला गोविंदप्रभू भेटले. त्यांनी आपल्या हातातले शेंगुळे त्याला दिले आणि त्यातूनच त्याला ज्ञानशक्ती मिळाली.

ही गोष्ट खरी की खोटी, या प्रश्नाने काम पुढे जात नाही. मी आधी विचारतो, ती पाहिली कोणी? लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. एकांकात स्वामी एकटे फिरत होते, शिष्य अजून भेटलेच नव्हते. म्हणजे हा प्रसंग स्वामींनी पुढे कधीतरी सांगितला, शिष्यांनी लक्षात ठेवला आणि म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास त्यांना विचारून लिहून घेतला. उत्तरार्धातल्या अनेक लीळांचे साक्षीदार त्या वेळी हयात होते. म्हणून एकाच पोथीतल्या दोन पानांना सारखे वजन देता येत नाही. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपराच सांगते. ‘हीराइसा पाठ’, म्हणजे हीराइसेच्या आठवणीतला पाठ, असे शेरे त्याच खटपटीची खूण आहेत. दोन पाठ जिथे वेगळे पडतात, तिथे मी एकच निवडून दुसरा टाकत नाही, दोन्ही नोंदवतो.

मग ही गोष्ट कोणाच्या कामाची होती? द्वारकेच्या चांगदेव राउळांनी हरिपाळाच्या मृत देहात प्रवेश केला, असे परंपरा मानते. गोविंदप्रभूंना ज्ञान मिळाले तेही चांगदेवांकडूनच. म्हणजे गुरू नव्या देहात येऊन आपल्याच शिष्याकडून ज्ञान घेतो! माझ्या मते दोन परंपरांची सांगड घालण्याची गरज इथे स्पष्ट दिसते. भडोचच्या प्रधानपुत्राबद्दल ताम्रपट किंवा शिलालेख हाती येईपर्यंत प्रकरणात मी एवढेच लिहीन: ‘शिष्यांच्या आठवणीनुसार स्वामी गुजरातेतून आले.’

आता शेंगुळे. शक्ती देण्यासाठी फूल किंवा फळही चालले असते. सांगणाऱ्याचा सगळा भर शक्तीवर आहे, खाण्याच्या पदार्थावर नाही. म्हणून तो पदार्थ मुद्दाम रचला असण्याची शक्यता कमी वाटते. माझा विश्वास अशा ओघात आलेल्या तपशिलांवर अधिक बसतो: बाजार, विहिरी, देवळांच्या ओसऱ्या, कोण कोणाच्या घरी जेवले. पण इथेही एक मर्यादा आहे. शेंगुळ्यावरून त्या भेटीच्या दिवशी काय खाल्ले गेले हे सिद्ध होत नाही. लीळा सांगणाऱ्यांच्या काळात शेंगुळे इतके ओळखीचे होते की नुसते नाव पुरत असे, एवढेच त्यातून निघते. तेराव्या शतकातल्या वऱ्हाडातल्या जेवणाबद्दल मात्र तेवढी ओळही मोलाची आहे, आणि ती प्रकरणात त्याच ठिकाणी यावी.