जुने वीस सर्व्हर एका क्लस्टरवर आणताना होस्टचं मोजमाप

ऑफिसात वर्षानुवर्षं साचलेले वेगवेगळे सर्व्हर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, करून दोन-तीन मोठ्या होस्टवर आणायचे असतील तर त्या होस्टला रॅम, डिस्क आणि नेटवर्क किती द्यायचं ते आधी ठरवावं लागतं. हा हिशोब सगळे होस्ट चालू असतानाचा करायचा नसतो, एक होस्ट बंद पडलाय त्या दिवसाचा करायचा असतो.

उदाहरण म्हणून सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरींचा कारखाना घेऊ. ईआरपीचा डेटाबेस, टॅली, फाइल सर्व्हर, हजेरीचं मशीन, डोमेन कंट्रोलर असे मिळून वीस सर्व्हर, आणि त्यांच्या जागी व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स सॉफ्टवेअरचे तीन होस्ट, स्टोरेजला त्याच होस्टमधल्या डिस्कवर सेफ, म्हणजे सगळ्या होस्टच्या डिस्क जोडून एक सामायिक स्टोरेज करणारं सॉफ्टवेअर.

पहिलं काम मोजणीचं. जुन्या मशीनमध्ये किती रॅम बसवलीय हा आकडा कामाचा नाही, खरोखर किती लागते ते बघायचं. लिनक्सवर `free -m` मधला available कॉलम बघा, कारण used आणि free वरून फसायला होतं, कॅश भरलेली असते. एसक्यूएल सर्व्हर तर दिली तेवढी रॅम धरून बसतो, त्यामुळे तिथे मर्यादा घालूनच मोजावं लागतं. मोजणी निदान महिनाभर चालू द्यावी, म्हणजे पगार, ११ आणि २० तारखेचं जीएसटी रिटर्न, महिनाअखेर सगळं त्यात येतं. गड्ड्याच्या यात्रेत अर्धं ऑफिस रिकामं असतं, त्या आठवड्याचे आकडे धरले तर क्लस्टर हमखास लहान पडतो.

समजा सगळ्या व्हीएमना मिळून १८० जीबी लागते, म्हणजे प्रत्येक होस्टवर ६०. सेफच्या चार डिस्कला साधारण २० जीबी (डिस्कमागे ४ डिफॉल्ट, वर थोडी जास्त धरावी) आणि होस्टला स्वतःला ८ अशी २८ बाजूला काढली तर १२८ जीबीच्या होस्टवर व्हीएमसाठी १०० उरतात. एक होस्ट गेला तर दोघांकडे मिळून २०० आणि गरज १८०, कागदावर बसतंय. पण प्रत्येकाकडे मोकळी जागा ४०च आहे आणि गेलेल्या होस्टवर ४८ जीबीची ईआरपीची व्हीएम होती, ती दोन होस्टमध्ये तोडून ठेवता येत नाही. मग एकतर ती सुरूच होत नाही नाहीतर रॅम संपून होस्टचा लिनक्स कुठलीतरी व्हीएम मारून टाकतो. म्हणून इथे होस्टला १९२ जीबी घ्यावी, मोकळी १०४ राहते. सगळ्यात मोठी व्हीएम कुठे बसणार हा प्रश्न बेरजेच्या आधी विचारायचा.

डिस्कचंही तसंच. डेटा ७ टीबी आहे, वाढून ९ होईल असं धरलं, आणि सेफ तीन प्रती ठेवतो, म्हणजे तीन होस्टमध्ये प्रत्येकावर एक पूर्ण प्रत. एखादी डिस्क मेली की तिचा डेटा त्याच होस्टच्या उरलेल्या डिस्कवर जातो, दुसरी जागाच नाही. ३.८४ टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर तीन उरल्यावर ११.५ टीबी, आणि सेफ ८५ टक्के भरला की इशारा द्यायला लागतो, म्हणजे वापरायला ९.८ टीबी. जमलं. डिस्क मात्र पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या एंटरप्राइज एसएसडीच हव्यात, साध्या एसएसडीवर सेफचं सिंक राइट फारच हळू होतं आणि ते टॅली उघडताना जाणवतं. आणखी एक गोष्ट, पूर्वी वीस बॅकअप वीस वेगळ्या डिस्कवर चालायचे, आता रात्री एकच्या वेळेला सगळे एकत्र येतात, त्यामुळे बॅकअप आणि अँटिव्हायरस स्कॅनच्या वेळा पसरवून ठेवा.

नेटवर्कवर लोक सगळ्यात जास्त कंजूषी करतात. व्हीएमने एकदा लिहिलं की ते आधी एका डिस्कला आणि तिथून बाकीच्या दोघांना जातं, त्यामुळे १ जीबीपीएस लगेच भरतं. वरच्या उदाहरणात मेलेल्या डिस्कचा २.२५ टीबी डेटा १ जीबीपीएसवरून परत भरायला, बाकी काही चालू नसतानाही, पाच तासांहून जास्त लागतात, १० वर नेटवर्कची अडचण अर्ध्या तासावर येते. होस्ट तीनच असल्यामुळे प्रत्येकातून दोन केबल थेट दुसऱ्या दोघांना जोडल्या तर सेफसाठी १० जीबीपीएसचा स्विचसुद्धा लागत नाही.

होस्ट एकमेकांशी संपर्कात आहेत का ते बघणारं कोरोसिंक मात्र वेगळ्या पोर्टवर ठेवायचं, त्याला १ जीबीपीएस भरपूर. त्याला वेग नको, वेळेवर उत्तर हवं. सेफच्याच लाइनवर असेल तर रिकव्हरी सुरू झाली की त्याचे पॅकेट अडकतात, होस्टला वाटतं आपण एकटे पडलो, आणि एचए, म्हणजे बंद पडलेल्या होस्टच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप सुरू करण्याची सोय, चालू असेल तर चांगला चाललेला होस्ट स्वतःला रीबूट करतो. आधी खूण दिसते:

```
journalctl -u corosync | grep Retransmit
```

इथे बॅकअपच्या वेळेला ओळींमागून ओळी येत असतील तर लाइन वेगळी करायला उशीर करू नका.